उजनीच्या पाण्यात पेटलेली इंजिनाची पेटी: एका प्रवासी लाँचचं प्रकरण

करमाळा तालुक्यातल्या पश्चिम काठाच्या गावांना पलीकडच्या इंदापूरच्या बाजूला रस्त्याने जायचं तर उजनी जलाशयाला मोठा वळसा घालावा लागतो. पाण्यावरून तेच अंतर अर्ध्या तासाचं. त्यामुळे दवाखाना, बँक, आठवडी बाजार, लग्न अशा कुठल्याही कामासाठी लोक लाँचने जातात आणि मोटरसायकलही त्याच लाँचवर चढवतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा माणसं बुडाली. तेव्हापासून या काठावर लाइफ जॅकेटचा विषय निघाला की सगळे कान देतात. आगीचा विषय निघत नाही. 'चहूकडं पाणीच हाय की, आग कशी लागंल?' हे वाक्य मी वेगवेगळ्या घाटांवर वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं आहे.

आगीनंतर यंत्रं तपासून ती कुठून सुरू झाली हे शोधणं हे माझं काम. सोलापूर जिल्ह्यात ते बहुतेक साखर कारखाने, जिनिंग मिल आणि यंत्रमागांच्या शेडमध्ये असतं. पण उजनीच्या पाण्यावर पेटलेली ही लाँच काठावर आणल्यानंतर मी तपासली, चालकाशी आणि प्रवाशांशी बोललो. या आगीत कुणी दगावलं नाही, म्हणूनच काय घडलं ते सांगायला सगळे जिवंत होते. प्रत्येक मिनिटाला कोणी काय केलं हे इतकं नीट कळणं दुर्मीळ असतं. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही.

लाँच कशी होती

लोखंडी पत्र्याची लाँच, वर ऊन लागू नये म्हणून पाइपच्या सांगाड्यावर ताडपत्री. मागच्या बाजूला जुन्या ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि त्याच्यावर लाकडी फळ्यांची पेटी. ही पेटी साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच. तिच्या झाकणावर रेक्झिनची गादी टाकलेली, कारण ती बसायला बरी. गर्दी असली की लहान पोरं हमखास तिथेच बसायची.

डिझेलची टाकी म्हणजे वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन. तो पेटीच्या आतच, इंजिनापेक्षा उंच लाकडी फळीवर ठेवलेला, म्हणजे तेल आपसूक खाली उतरतं. कॅनच्या बुडाला तोटी होती, पण ती उघडी-बंद करायची तर पेटीचं झाकण काढावं लागायचं. इंजिन बंद करायची स्टॉपरची तारही पेटीतच संपत होती. दोन किलोचं पावडरचं अग्निशामक सिलिंडर पेटीच्या आतल्या बाजूला पट्ट्याने बांधलेलं. लाइफ जॅकेट पंधरा होती, ती मागच्या बाकाखालच्या कप्प्यात, पेटीला अगदी लागून.

चालकाने हे सगळं निष्काळजीपणाने केलेलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. सिलिंडर उन्हात तापू नये म्हणून आत ठेवलं होतं. जॅकेट चोरीला जाऊ नयेत आणि उन्हाने विरू नयेत म्हणून कप्प्यात, आणि कप्प्याला कडी. कॅन आत, कारण प्रवासी विडी ओढतात. एकेक निर्णय घेतला तर त्यामागे विचार दिसतो. पण आग विझवायला आणि जीव वाचवायला लागणारी प्रत्येक वस्तू त्यामुळे आग लागण्याच्या जागेपासून हातभर अंतरावर जमा झाली होती.

काय घडलं

मे महिना, धरण उणे पातळीत गेलेलं, उघड्या पडलेल्या चिखलातून घाट खूप आत सरकलेला. सकाळची दहाची वेळ. लाँचवर चौदा प्रवासी, तीन मोटरसायकली, केळीचे घड भरलेली गोणपाटं आणि दुधाचे रिकामे कॅन. चालक साठीकडे झुकलेले, सगळे त्यांना आबा म्हणतात. सोबत त्यांचा पुतण्या मदतीला.

काठ सोडल्यावर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज बदलला. आबांच्या शब्दांत, 'तीन पायांवर चालणारं इंजिन दोन पायांवर लंगडायला लागलं.' म्हणजे एक सिलिंडर काम करेनासा झाला. त्यांनी हवा धरली असेल असं समजून वेग थोडा वाढवला. पेटीजवळ बसलेल्या एका बाईंनी डिझेलचा वास येतोय म्हणून सांगितलं. वास रोजचाच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या काही मिनिटांत झाकणाच्या फटीतून पांढरट धूर यायला लागला आणि मग तो काळा झाला.

पुतण्याने पोरांना बाजूला केलं, गादी ओढली आणि झाकण पूर्ण उचललं. त्याच क्षणी भडका वर आला. ताडपत्रीची कड पेटली, त्याच्या उजव्या हाताची कातडी भाजली. तरीही त्याने आत हात घालून सिलिंडर ओढून काढलं, पिन उपसली आणि ज्वाळांवर फवारलं. आठ-दहा सेकंदांत पावडर संपली. आग विझल्यासारखी झाली, सगळ्यांनी 'विझली, विझली' म्हणून ओरडायला सुरुवात केली, आणि त्याच आवाजात ती परत पेटली. सिलिंडर आता रिकामं होतं.

एका प्रवाशाने बादलीने धरणाचं पाणी उपसून आत ओतलं. त्याने ज्वाळा विझल्या नाहीत. उलट लाँचच्या तळात साठलेलं डिझेल पाण्यावर तरंगत तळफळ्यांखालून पुढे सरकलं आणि मोटरसायकलींच्या चाकांपाशी फळ्यांच्या फटीतून धूर दिसायला लागला. हे पाहून माणसं पुढच्या टोकाकडे धावली, त्यातली बरीचशी डाव्या बाजूला, कारण उजव्या बाजूला गाड्या होत्या. लाँच डावीकडे इतकी कलली की कठडा पाण्याला टेकायला चार बोटं उरली. जॅकेटच्या कप्प्यापर्यंत आता कुणीच पोहोचू शकत नव्हतं. सकाळी निघताना दोनच माणसांनी जॅकेट घातली होती. एक शाळेत शिकवणाऱ्या बाई आणि दुसरा त्यांचा मुलगा.

इथून पुढे दोन गोष्टी बरोबर घडल्या. आबांनी सुकाणू सोडून पुढे जाऊन नांगर टाकला. आणि केळीवाल्या शेतकऱ्याने गोणपाटं रिकामी करून पाण्यात बुडवली, पुतण्याने पायाने झाकण ढकलून पेटीवर पाडलं, आणि दोघांनी मिळून तिच्यावर ओली गोणपाटं एकावर एक टाकली. त्याआधी आबांनी ओरडून सांगितल्यावर पुतण्याने कॅनला लागलेली नळी दाव्याने बांधलेल्या कोयत्याने वरच्या बाजूला छाटून कॅनच उचलून पाण्यात फेकला होता. तेलही तुटलं, हवाही तुटली. काही मिनिटांत धूर पातळ झाला. एका भोई कुटुंबाची जाळी टाकायची होडी जवळ आली आणि तिने आधी मुलं, मग बायका असं करत तीन खेपांत सगळ्यांना उतरवून घेतलं.

लाँच ओढून काठाला आणल्यावर लोकांनी लगेच झाकण उघडलं. आत परत ज्वाळा उठली. या वेळी माती टाकून विझवली.

आग कुठून सुरू झाली

इंजिन पाहिलं तेव्हा मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरमधला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळीच्या, बाजूचा सगळा भाग काजळीने काळा होता, फक्त मधल्या सिलिंडरसमोर तळहाताएवढी जागा स्वच्छ, करड्या रंगाची होती. जिथे तेलाचा फवारा सतत आदळून सर्वांत जास्त उष्णतेने जळतो तिथे काजळी टिकत नाही, तीही जळून जाते. त्या जागेपासून मागे रेष धरली तर ती मधल्या सिलिंडरमध्ये तेल फवारणाऱ्या नोझलच्या पाइपच्या नटापाशी पोहोचत होती. नट काढून पाइप पाहिला. नटाच्या लगेच खाली, अर्ध्या घेरात गेलेली केसासारखी चीर.

डिझेल पंपापासून नोझलपर्यंत जाणाऱ्या या बारीक लोखंडी पाइपांत दर फवाऱ्याला दोनशे बार किंवा त्याहून जास्त दाब येतो. इंजिन हादरतं तसे ते हादरतात. हे हादरे जिरवायला तिन्ही पाइपांना एकत्र धरणारी एक छोटी क्लिप असते, आत रबर असतं. या इंजिनावर ती क्लिप नव्हती. कधीतरी दुरुस्तीत काढली गेली आणि परत लागली नाही, असं मेस्त्रीनेच सांगितलं. क्लिप नसली की पाइप मोकळा थरथरतो आणि सगळा ताण नटाच्या तोंडाशी येतो. तिथेच तो चिरतो. चिरला की तेल थेंब-थेंब गळत नाही, त्या दाबाने त्याचं धुकं होतं. सिलिंडरला तेल कमी पडल्याने इंजिन लंगडायला लागतं. आबांनी ऐकलेला आवाज हा आगीचा पहिला निरोप होता. वेग वाढवल्याने पंपाने जास्त तेल ढकललं आणि मॅनिफोल्ड आणखी तापलं.

आता उष्णतेचं गणित. डिझेलला ठिणगी नसली तरी साधारण अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावर ते आपोआप पेटू शकतं. भार घेऊन चालणाऱ्या डिझेल इंजिनाचं मॅनिफोल्ड चारशे अंशांच्या पुढेही जातं. समुद्रातल्या मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे की तेल उडू शकेल अशा ठिकाणचा २२० अंशांहून जास्त तापणारा प्रत्येक भाग झाकलेला हवा आणि दाबाच्या तेलनळ्यांना बाहेरून दुसरं आवरण हवं. ट्रॅक्टरचं इंजिन शेतात चालतं तेव्हा ते उघड्यावर असतं, वारा लागतो, उडालेलं तेल मातीत जातं. तेच इंजिन लाकडी पेटीत बंद केलं की त्याचा सगळा हिशोब बदलतो.

सोलापूरच्या उन्हाचाही यात वाटा आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगीने पेटू शकतात तो, भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश असावा लागतो. प्रत्यक्षात तो बहुधा याहून जास्त असतो, पण मे महिन्यात बाहेरच चाळीस-बेचाळीस अंश असताना बंद पेटीतली हवा त्याहून बरीच तापलेली असते. 'डिझेल काडीनं पेटत नाही' हा काठावरचा विश्वास थंड डिझेलपुरता खरा आहे. पेटीत तळाला साठलेल्या, तापलेल्या डिझेलला तो लागू होत नाही.

सिलिंडर होतं, तरी आग परत का पेटली

हा या प्रकरणाचा गाभा आहे, आणि इथेच सर्वांत जास्त गैरसमज दिसतात.

पावडरचं सिलिंडर ज्वाळा झटकन खाली पाडतं, पण काही थंड करत नाही. पुतण्याने फवारलं तेव्हा ज्वाळा गेल्या. मॅनिफोल्ड मात्र तसंच लाल होण्याच्या बेताला तापलेलं, इंजिन अजून चालू, पंप अजून चिरेतून तेल उडवतोय. पावडरचा ढग विरला आणि पुढच्या फवाऱ्याने आग पेटली. शंभर टक्के चांगलं सिलिंडर असतं तरी हेच झालं असतं. दोन किलोच्या सिलिंडरमध्ये आठ-दहा सेकंदांचा मारा असतो. तेल चालू असताना तो वापरला तर वायाच जातो.

म्हणून क्रम असा हवा: आधी स्टॉपर ओढून इंजिन बंद, लगेच तेलाची तोटी बंद, आणि मगच सिलिंडर. या लाँचवर पहिल्या दोन गोष्टी करायला पेटी उघडावी लागत होती, त्यामुळे हा क्रम पाळणंच अशक्य होतं. कॅन उंचावर असल्याने नुसतं इंजिन बंद करूनही भागलं नसतं. उंचावरचं तेल स्वतःच्या वजनाने खाली येत राहतं, नळी जळाली की थेट आगीत. पुतण्याने नळी छाटून कॅन फेकला तो क्षण, सिलिंडर फवारलं त्याहून महत्त्वाचा होता. त्याने डोकं शांत ठेवून वरच्या बाजूला छाटली, खाली नाही, हे विशेष.

झाकण पूर्ण उचलण्याचा परिणाम तर डोळ्यांदेखत झाला. बंद पेटीत आग हवा संपवत आली होती, काळा धूर हेच सांगत होता. झाकण उघडलं की ताजी हवा एकदम आत जाते आणि तापलेल्या वाफा भडकतात. पेटी न उघडता आत फवारता आलं पाहिजे. नीट बांधलेल्या बोटींवर यासाठी इंजिनाच्या कप्प्याला एक छोटं भोक ठेवतात, त्यावर सरकती किंवा ढकलून उघडणारी पत्र्याची झडप. सिलिंडरचं तोंड त्यातून आत घालायचं, दाबायचं, पूर्ण रिकामं करायचं, तोंड बाहेर घ्यायचं, झडप आपोआप बंद. इतकी साधी गोष्ट, स्थानिक वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम.

अशा बंद पेटीसाठी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडरही चांगलं चालतं. एक किलो द्रव वायू सुटला की त्याचा साधारण अर्धा घनमीटर वायू होतो, म्हणजे दोन किलोमध्ये ही अख्खी एक घनमीटरची पेटी भरते. फटी असतातच, म्हणून साडेचार किलोचं घेणं शहाणपणाचं. पण पेटी उघडी असेल, वर वारा असेल, तर हाच वायू उडून जातो आणि काहीच हाती लागत नाही. उघड्या लाँचवर एकच सिलिंडर ठेवायचं असेल तर मी एबीसी पावडरचं सांगतो, चार किंवा सहा किलोचं. ते मोटरसायकलच्या पेट्रोलवरही चालतं आणि ताडपत्री-लाकडावरही. वायू वापरला तर पेटीत डोकं घालून 'विझलं का' बघू नये, तिथे श्वास घ्यायला हवा नसते.

काठावर झाकण उघडल्यावर परत पेटली, त्याचं कारणही धातूच. इतकं लोखंड थंड व्हायला वेळ लागतो. पेटी बंद ठेवून वरून हाताच्या पाठीने गरमी तपासायची. हात जवळ नेला की चटका जाणवत असेल तर उघडायची नाही. अर्धा-पाऊण तास थांबणं इथे जास्त नाही. उघडताना दुसरं भरलेलं सिलिंडर हातात असावं.

या सिलिंडरबद्दल आणखी एक निरीक्षण. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात होता आणि ते नीट सुटलं, म्हणून आबांना दोष देता येत नाही. पण याच घाटावरच्या दुसऱ्या लाँचवरचं सिलिंडर मी उलटं करून कानाशी धरलं तर आतून काहीच सरकल्याचा आवाज आला नाही. इंजिनाच्या सततच्या थरथराटाने पावडर तळाशी विटेसारखी घट्ट बसते. काटा दाब दाखवतो, पावडर सुटी आहे की नाही ते दाखवत नाही. दाबलं असतं तर नुसता वायू फुसकन निघाला असता. महिन्यातून एकदा सिलिंडर काढून उलटं करावं, बुडावर तळहाताने थापटावं, आत पावडर घरंगळल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं तर भरायला द्यावं. दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करून घ्यावी लागते ती वेगळी.

जॅकेट आणि कललेली लाँच

त्या दिवशी आगीने कुणी मेलं असतं असं मला वाटत नाही. धोका पाण्याचा होता. आग मागे लागली की माणसं पुढे धावतात, हे होणारच, कुणीही ओरडून ते थांबवू शकत नाही. लाँच कलली की दोन शक्यता उरतात, उलटणं किंवा माणसांनी घाबरून उड्या मारणं. दोन्हीत माणूस पाण्यात जातो, आणि जॅकेट त्या क्षणी कप्प्यात असतं. म्हणून आगीच्या बाबतीत जॅकेट 'जवळ असणं' आणि 'अंगावर असणं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेटीतून धूर दिसला की झाकणाला हात लावायच्या आधी सगळ्यांच्या अंगात जॅकेट जायला हवीत, आणि ते फक्त तेव्हाच शक्य आहे जेव्हा ती घाटावरच घालून चढवलं जातं.

लाँचवरची पंधराही जॅकेट मी नंतर एकेक तपासली. सहांच्या पट्ट्या कुजलेल्या, जोर दिला की तुटल्या. तीनांचे हूक नव्हते. दोन मुलांच्या मापाची होती, पण त्या दिवशी लाँचवर चार मुलं होती. मोठं जॅकेट मुलाला घातलं तर ते पाण्यात वर सरकतं आणि मूल खालून निसटतं, म्हणून मुलांसाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलंच हवं. बरीच जॅकेट पन्नास न्यूटनच्या वर्गाची, म्हणजे पोहता येणाऱ्या आणि शुद्धीत असणाऱ्या माणसाला तरंगायला मदत करणारी. बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवण्याची ताकद त्यांत नसते. धुराने गुदमरून, भाजून किंवा डोक्याला लागून माणूस पाण्यात पडणार असेल तर किमान शंभर न्यूटनचं जॅकेट लागतं. हा आकडा जॅकेटच्या आतल्या लेबलवर असतो. लेबलच नसेल तर ते जॅकेट विकत घेऊ नये.

साडी नेसलेल्या बायकांचा प्रश्न मला तिथल्याच एका आजींनी समजावला. पदर खांद्यावरून मोकळा असेल तर जॅकेटचा पट्टा त्यावरून घट्ट बसत नाही, आणि पाण्यात पदर फुगून तोंडावर येतो. त्या स्वतः पदर कमरेला खोचून मग जॅकेट घालतात. ही गोष्ट मला कुठल्याही सूचनापत्रकात सापडली नाही, आणि आता मी ती प्रत्येक घाटावर त्यांच्या शब्दांत सांगतो: 'पदर आधी, जाकीट मागनं.'

नांगराचं महत्त्व

आबांनी नांगर का टाकला, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, 'वारं पश्चिमेकडनं होतं. इंजिन बंद पडल्यावर लाँच आडवी झाली असती आन् सगळा धूर माणसांवर आला असता. पुढनं नांगर टाकला की तोंड वाऱ्याला राहतं.' बरोबर हेच. इंजिन मागे असलेली बोट पुढच्या टोकाला नांगराने अडकवली की ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, ज्वाळा आणि धूर मागे जातात, माणसं पुढे स्वच्छ हवेत राहतात, आणि ताडपत्री पेटली तरी आग पुढे सरकत नाही. उणे पातळीतही मधल्या धारेत पाणी खोल असतं, म्हणून नांगराचा दोर पुरेसा लांब आणि मोकळा गुंडाळलेला असावा लागतो. आबांचा होता. दोराला गाठ पडली असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

पुतण्याच्या हाताबद्दलही लिहितो. होडीत उतरल्यावर कुणीतरी त्यावर दुधाची साय लावायला निघालं होतं. शाळेतल्या बाईंनी थांबवलं आणि पिण्याच्या घागरीतलं थंड पाणी हातावर काठाला लागेपर्यंत सतत ओतलं. भाजल्यावर वीस मिनिटं तरी साध्या थंड पाण्याखाली धरावं, काहीही चोपडू नये, हे योग्यच. फोड आले, पण हात वाचला.

लाँचवर काय बदललं

देशांतर्गत पाण्यावरच्या यांत्रिक बोटींसाठी २०२१ चा कायदा आहे. त्यानुसार नोंदणी, तपासणी, जीवरक्षक आणि अग्निशमन साहित्य लागतं. तो पाळायचाच, पण तपासणी अधिकारी सिलिंडर आहे का ते पाहतो, ते पेटीच्या आत आहे याची नोंद होईलच असं नाही. म्हणून आबांसोबत बसून आम्ही वस्तूंच्या जागा ठरवल्या.

तेलाचा प्लास्टिक कॅन गेला, त्याच्या जागी पत्र्याची टाकी, पेटीच्या बाहेर, आणि टाकीला लागूनच बाहेरून फिरवता येणारी तोटी, लाल रंगवलेली. स्टॉपरची तार लांब करून सुकाणूजवळ आणली. नोझल पाइपांना नवीन क्लिप, आणि पाइप व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा, म्हणजे चीर पडली तरी तेल थेट तापलेल्या लोखंडावर उडणार नाही. मॅनिफोल्डवर ग्लास फायबरची पट्टी गुंडाळण्याचा विचार झाला. तो मी नको म्हटलं, कारण पट्टी तेल शोषते आणि मग तीच वातीसारखी पेटते. गुंडाळायचीच तर वरून पत्र्याचं कव्हर पाहिजे, आणि तेवढी जागा पेटीत नव्हती.

पेटीला बाजूने झडपेचं भोक पाडलं, सिलिंडरचं तोंड बरोबर बसेल एवढं. सहा किलोचं पावडर सिलिंडर सुकाणूजवळ, दोन किलोचं पुढच्या टोकाला. पेटीवर बसणं बंद. पेटीवर गादीऐवजी उतरतं पत्र्याचं झाकण केलं, बसायची इच्छाच होऊ नये असं. तळातलं तेलपाणी रोज सकाळी स्पंजने पुसून वेगळ्या डब्यात, पाण्यात नाही. जॅकेट आता लाँचवर नसतात, घाटावरच्या लोखंडी रॅकवर असतात. तिकिटाच्या पैशांबरोबर जॅकेट हातात मिळतं, आणि पलीकडे उतरताना परत द्यायचं. चोरीचा प्रश्न त्याने आपोआप सुटला.

मोटरसायकलींचं कोडं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. पेट्रोलच्या वाफा उणे तापमानालाही पेटतात आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाला जमतात. गाडी आडवी पडली तर टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळतं. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा पेट्रोल कॉक चढवण्याआधी बंद करायचा, सगळ्या गाड्या स्टँडवर उभ्या करून दोराने कठड्याला बांधायच्या, आणि पेटीपासून जितक्या लांब जमतील तितक्या पुढे, हे आबा आता पाळतात. नव्या गाड्यांना असा कॉक नसतो. गाड्यांसाठी वेगळी फेरी करा असं मी सुचवलं. डिझेलचा खर्च निघत नाही म्हणून ते सध्या नाही म्हणाले. त्यांनी तिनाऐवजी दोनच गाड्या घ्यायच्या आणि बाजाराच्या दिवशी एकही नाही, इथवर ते आले आहेत. वेगळ्या फेरीचं भाडं किती ठेवलं तर परवडेल याचा हिशोब घाटावरचे इतर लाँचवाले मिळून करत आहेत.